आठव्या-नवव्या महिन्यातली रात्र: कूस, उशा, पोटरीतले गोळे आणि छातीतली जळजळ

माझी मामेबहीण डोहाळजेवण झाल्यावर साताऱ्याला माहेरी आली. ३३व्या आठवड्यात एका रात्री पावणेतीनला तिचा मेसेज आला: "ताई, जागी आहेस का? जाग आली तेव्हा मी उताणी होते. बाळाला काही झालं नसेल ना?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गर्भवतींचे वर्ग घेते, त्यामुळे हा प्रश्न मला नवीन नव्हता. पण त्या मेसेजनंतर ती सकाळपर्यंत झोपलीच नाही, हे कळल्यावर शनिवारी मी तिच्याकडे मुक्कामाला गेले आणि तिची रात्र जवळून पाहिली. मामा दुकान बंद करून येईपर्यंत जेवायला साडेनऊ वाजले. सव्वादहाला तिने एक घोट पाण्याबरोबर लोहाची गोळी घेतली, वर पेलाभर दूध प्यायली आणि जमिनीवरच्या गादीवर आडवी झाली. अकराला छातीत जळजळ सुरू झाली. मामीने डोक्याखाली तिसरी उशी सरकवली. पाऊणला लघवी, अडीचला पोटरीत गोळा, चारला पुन्हा लघवी. मधल्या वेळात आपण डाव्या कुशीवर आहोत ना, हे ती अंधारात तपासत होती.

या चारही तक्रारी एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि त्यांची सोय रात्री अकराला नाही, दुपारपासूनच करावी लागते. तिच्यासाठी आम्ही काय काय बदललं ते क्रमाने सांगते.

आधी कुशीची भीती

उताणं झोपू नये, याला कारण आहे. सातवा महिना सरत आला की गर्भाशय इतकं जड होतं की पाठीवर झोपल्यावर ते मणक्यालगतच्या मोठ्या नीलेवर दाबून बसतं. शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी ही मुख्य नीला. ती दबली की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि वारेकडे जाणारा रक्तपुरवठाही घटतो. काहींना उताणं झोपल्यावर गरगरतं किंवा घाम फुटतो, ते याचमुळे. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासांची माहिती २०१९ साली एकत्र करून तपासली गेली. २८व्या आठवड्यानंतर रात्री पाठीवर झोपी जाणाऱ्या बायकांमध्ये बाळ पोटातच दगावण्याचं प्रमाण कुशीवर झोपणाऱ्यांच्या सुमारे अडीच पट दिसलं. मुळात हा धोका फार थोड्यांना असतो. पण तो कमी करणं आपल्या हातात आहे, म्हणून हा नियम पाळायचा.

आता त्याच माहितीचा दुसरा भाग, जो सहसा कोणी सांगत नाही. डावी कूस आणि उजवी कूस यांत फरक आढळला नाही. दोन्ही चालतात. आणि महत्त्व आहे ते झोप लागताना तुम्ही कशा आहात याला, कारण रात्रीचा सगळ्यात जास्त वेळ माणूस साधारण त्याच स्थितीत असतो. झोपेत कूस बदलणारच. जाग आली तेव्हा उताण्या असाल तर शांतपणे कुशीवर वळा आणि झोपा. दुपारी डोळा लागतो तेव्हाही कुशीवरच झोपा, एवढंच.

डाव्या कुशीचा एक वेगळा उपयोग आहे, तो जळजळीसाठी. त्याबद्दल पुढे येईलच.

उशा कुठे आणि का

नुसतं कुशीवर झोपलं की तासाभरात खुबा दुखतो, कंबर ओढल्यासारखी होते आणि मग झोपेतच माणूस पाठीवर येतो. म्हणजे नियम पाळायचा तर शरीराला आधार हवा. त्यासाठी गर्भवतींची खास लांब उशी विकत घ्यायलाच हवी असं नाही. मामीच्या कपाटात दोन उशा, एक लोड आणि जुन्या लुगड्यांच्या तीन गोधड्या होत्या. तेवढं पुरलं.

आधी बसा, मग कुशीवर आडव्या व्हा आणि दोन्ही गुडघे थोडे पोटाकडे घ्या. पहिली उशी गुडघ्यांच्या मध्ये. इथे बहुतेकींची चूक होते: लहान उशी फक्त गुडघ्यात धरली जाते आणि वरच्या पायाचा घोटा खाली लोंबकळत राहतो. तसं झालं की मांडी आतल्या बाजूला वळते आणि कमरेला पीळ बसतो. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत आधार मिळाला पाहिजे. म्हणून आम्ही लोडच आडवा न ठेवता पायांच्या लांबीत ठेवला. वरचा पाय खुब्याच्या उंचीला, खालच्या पायाशी समांतर आला की आधार नीट बसला असं समजा.

दुसरा आधार पोटाखाली. गादी आणि पोट यांच्यात पाचरीसारखी फट राहते आणि पोट त्या बाजूला ओढलं जातं. तिथे उशी घातली तर पोट उचललं जातं आणि पाठ वळते, म्हणून उशी नको. छोट्या टॉवेलची चौघडी पुरते. पोट नुसतं टेकलं पाहिजे.

तिसरा आधार पाठीमागे, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा हाच. गोधडीची घट्ट गुंडाळी करून ती खांद्यापासून कमरेपर्यंत पाठीला लावून ठेवायची. झोपेत मागे कललात तरी गुंडाळीवर टेकता, पूर्ण उताण्या होत नाही. बहिणीची भीती कमी झाली ती या गुंडाळीमुळे. आता तपासत बसायची गरजच राहिली नाही.

खुबा फारच दुखत असेल तर गादी टणक आहे का बघा. कापसाची गादी वापरून वापरून दगडासारखी होते. तिच्यावर एक जाड दुलई दुहेरी अंथरली की फरक पडतो. दर वेळी लघवीला उठून आलं की कूस बदलायची, म्हणजे एकाच खुब्यावर रात्रभर भार येत नाही.

उठतानाची पद्धतही सांगते, कारण पोट पुढे करून सरळ उठून बसताना ओटीपोटात कळ येते आणि पोटाच्या स्नायूंवर नको तेवढा ताण पडतो. पलंगावर असाल तर गुडघे जुळवून कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताने गादी रेटत उठून बसा. जमिनीवर झोपत असाल तर कुशीवरून कोपरावर या, तिथून दोन्ही हात आणि गुडघ्यांवर, मग एक पाऊल पुढे रोवून शेजारच्या जड स्टुलावर हात टेकून उभ्या राहा. उठल्यावर लगेच चालू लागू नका, दोन श्वास थांबा.

जळजळ

गर्भारपणातल्या संप्रेरकांमुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडते. शिवाय गर्भाशय खालून जठराला वर रेटत असतं. भरलेलं पोट घेऊन आडवं झालं की आम्ल सरळ वर येतं. म्हणजे जळजळीची वेळ ठरते ती जेवण कधी झालं आणि किती झालं यावर.

बहिणीचं मुख्य जेवण आम्ही दुपारी आणलं आणि रात्रीचं सात-सव्वासातला. मामासाठी थांबायचं नाही, हे मामीला पटवायला थोडं बोलावं लागलं. ती म्हणाली, "सगळे जेवल्याशिवाय हिच्या घशाखाली घास उतरत नाही गं." मी म्हटलं, "मामी, उतरतो आणि मग रात्री वर येतो." जेवण आणि अंथरूण यांत दोन-तीन तास जायला हवेत. रात्री एक भाकरी किंवा दोन फुलके, भाजी, थोडी मुगाची आमटी. वरून फोडणी आणि तळण नाही. नऊच्या सुमारास भूक लागलीच तर मूठभर राजगिऱ्याच्या लाह्या किंवा अर्धं केळं. अमुक पदार्थ सगळ्यांनीच बंद करावा असं मी सांगत नाही. एकीला टोमॅटो बाधतो, दुसरीला चहा. चार दिवस लिहून ठेवलं की आपला पदार्थ सापडतो.

दूध पहिल्या घोटाला बरं वाटतं, पण निजताना पेलाभर सायीचं दूध म्हणजे पुन्हा भरलेलं पोट. तिचं दूध संध्याकाळी पाचला गेलं.

लोहाची गोळीही हलवली. निजताना एका घोटाबरोबर घेतलेली ही गोळी अन्ननलिकेतच रेंगाळली तर तिथे आग होते, आणि दुधाबरोबर घेतली तर लोह कमी शोषलं जातं ते वेगळंच. सरकारी दवाखान्यातून साधारणपणे लोहाची रोज एक आणि कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या मिळतात. तिने कॅल्शियम सकाळच्या नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर ठेवलं, आणि लोह दुपारी जेवणानंतर, पेलाभर पाण्यात लिंबू पिळून. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचं अंतर हवं. चहाही गोळीच्या आसपास नको.

मग डोक्याखालच्या तीन उशा. त्यांनी मान आणि छाती वाकते, पोट दुमडतं आणि आम्ल वर ढकललं जातं. उंच व्हायला हवा तो कमरेपासून वरचा सगळा भाग, एका लांब उतारात. पलंग असेल तर डोक्याकडच्या दोन पायांखाली साधारण सहा इंचांचे लाकडी ठोकळे घालतात. पलंग डुगडुगत नाही, पाय ठोकळ्यावरून सरकत नाही, हे घरातल्या कोणीतरी आधी त्यावर झोपून बघावं. जमिनीवरच्या गादीला आम्ही गादीखाली गोधड्या घातल्या: डोक्याकडे तीन घड्या, खांद्यांकडे दोन, कमरेजवळ एक. डोक्याखाली उशी एकच. आणि त्यावर डावी कूस, कारण जठर डावीकडे झुकलेलं असल्यामुळे त्या कुशीवर आम्ल झडपेच्या खालच्या पातळीला राहतं. ज्या रात्री जळजळ नाही त्या रात्री उजवी कूसही चालेल.

एवढं करूनही जळत असेल तर गर्भारपणात चालणारी आम्लविरोधी औषधं आहेत. डॉक्टरांना विचारून घ्या आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास दूर ठेवा. खाण्याचा सोडा किंवा पाण्यात फसफसणारी सोड्याची पावडर मात्र आपल्या मनाने घेऊ नका. त्यातून बरंच सोडियम पोटात जातं.

एक दुखणं जळजळ समजून घरी काढलं जातं, ते नीट लक्षात ठेवा. उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली मधोमध दुखतंय, सोबत जोराचं डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे ठिणग्या किंवा अंधारी येतेय, चेहरा आणि हात एकाएकी सुजलेत: हे वाढलेल्या रक्तदाबाचं लक्षण असू शकतं. यातलं एक दिसलं तरी सकाळची वाट न पाहता त्याच रात्री जाऊन रक्तदाब आणि लघवी तपासून घ्यायची.

रात्रीच्या फेऱ्या

लघवीला एकदाही उठायचं नाही, अशी अपेक्षा शेवटच्या महिन्यांत ठेवू नका. बाळाचं डोकं मूत्राशयावर असतं. पण चार फेऱ्यांच्या दोन करता येतात.

दिवसभर उभं राहून आणि पाय सोडून बसून पायांत पाणी उतरतं. संध्याकाळी घोट्यावर मोज्याचे वळ दिसतात तेच हे. रात्री आडवं झालं की ते पाणी रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकू लागतात. म्हणून हे काम झोपेच्या आधीच उरकायचं. बहीण सव्वापाच ते सव्वासहा कुशीवर पडून, पाय लोडावर उंच ठेवून मामीशी गप्पा मारत असे. मग जेवणाआधी दोनदा लघवी होई, आणि रात्रीची एक फेरी तिथेच वाचे.

पाणी कमी पिऊ नका, फक्त त्याची वेळ बदला. बहुतेक पाणी संध्याकाळी सहापर्यंत, निजण्याआधीचे दोन तास तहानेपुरते घोट. चारनंतर चहा-कॉफी नाही. निजण्याआधी लघवी झाल्यावर लगेच उठू नका. थोडं पुढे झुकून मिनिटभर बसा आणि पुन्हा प्रयत्न करा, मूत्राशयात उरलेलं निघून जातं.

तिच्या माहेरी मोरी मागच्या पडवीत. तिथे मंद पिवळा दिवा लावला आणि ओल्या फरशीवर रबरी पायपुसणं टाकलं. मोठा दिवा लावायचा नाही आणि फोन हातात घ्यायचा नाही. पावणेतीनला उघडलेला फोन झोप घालवतो, आणि त्यावर शोधलेला प्रश्न भीती वाढवतो. परत येऊन वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर तळमळत पडू नका. उठून बसा, मंद उजेडात कसलीतरी साधी घडी घाला किंवा स्तोत्र-गाणं ऐका आणि जड वाटलं की आडव्या व्हा. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणि तीनच्या आत ठेवली की हे जागणंही कमी होतं.

लघवीला आग होते, पुन्हा पुन्हा थेंबभरच होते, थंडी वाजून ताप येतो, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. ताप नसला तरी दुसऱ्याच दिवशी लघवी तपासायची. ताप किंवा कमरेच्या वर पाठीत दुखणं असेल तर तेवढंही थांबायचं नाही.

अडीच वाजताचा गोळा

त्या रात्री ती किंचाळून उठली तेव्हा मी शेजारीच होते. पोटरी हाताला लाकडासारखी लागत होती. मामीने पाऊल पकडून बोटं खाली ओढली आणि जोरात चोळायला लागली. नेमकं हेच उलट आहे. बोटं खाली गेली की पोटरीचा स्नायू आणखी आखडतो. मी एक हात तिच्या गुडघ्यावर ठेवून पाय सरळ केला, दुसऱ्या तळव्याने तिच्या पावलाचा पुढचा भाग तिच्या नडगीकडे दाबला आणि तसाच धरून ठेवला. झटका नाही, सावकाश दाब. तिशीपर्यंत मोजेतो पोटरी मऊ पडली. मग तिला दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी दहा मिनिटं ठेवली.

एकट्या असाल तर पाय लांब करून टाच पुढे रेटा आणि बोटं आपल्याकडे ओढा. किंवा भिंतीला धरून उभ्या राहा आणि टाच जमिनीला पूर्ण टेकवा.

हा गोळा बऱ्याचदा आळस देताना येतो, कारण आळस देताना आपण बोटं ताणतो. आळस द्यायचा तर टाच पुढे करून द्या. पायथ्याशी घट्ट खोचलेली जड रजईही पावलं खाली दाबते, ती सैल सोडा. आणि रोज निजण्याआधी भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहून हा ताण द्या: तळवे भिंतीवर, एक पाय मागे, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीवर, आणि अंग पुढे झुकवा. पोटरीत ओढ जाणवली की तीस सेकंद थांबा. प्रत्येक पायाला तीनदा. बहिणीने हे रोज केलं, आणि आठवड्यात चार-पाचदा येणारा गोळा एकदा-दोनदावर आला.

कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमच्या गोळीने गोळे हमखास थांबतात, असा ठोस पुरावा नाही. लिहून दिलेलं कॅल्शियम चालू ठेवा, पण मेडिकलमधून आपल्या मनाने आणखी काही आणू नका.

गोळा आणि पायांची बेचैनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संध्याकाळी पडलं की पोटऱ्यांत वळवळल्यासारखं होतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, चाललं की बरं वाटतं: असं असेल तर रक्तातलं लोह तपासून घ्या.

आणि एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, लालसर, सतत दुखरी असेल, ताण देऊनही सुटत नसेल, तर ती चोळायची नाही. नीलेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट १०८.

तिची रात्र, दोन आठवड्यांनी

३५व्या आठवड्यात मी परत गेले. सात वाजता जेवण, साडेनऊला भिंतीचा ताण, दहाला आडवी. पहिली जाग सव्वाबाराला, दुसरी पावणेचारला. दोन्ही वेळा लघवी, दोन्ही वेळा कूस बदलून पुन्हा झोप. जळजळ त्या आठवड्यात दोनदा झाली होती, एकदा शेजारच्या बारशाच्या जेवणानंतर.

मामीच्या फ्रिजवर मी एक कागद लावून आले. त्यावर डॉक्टरांचा नंबर, १०८ आणि १०२, आणि खाली दोन ओळी. पहिली: तळहात-तळपाय रात्री खूप खाजतात आणि अंगावर पुरळ नाही, तर दुसऱ्या दिवशी यकृताची रक्ततपासणी. दुसरी: बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर साखर खाऊन किंवा गार पाणी पिऊन वाट पाहत बसायचं नाही, कितीही वाजले असोत, फोन करून निघायचं.

३७व्या आठवड्यात त्या दुसऱ्या ओळीची वेळ आलीच. रात्री दीडला तिने मामाला उठवलं, दवाखान्यात तासभर पट्टा लावून बाळाचे ठोके तपासले, सगळं ठीक निघालं आणि चारला ती घरी येऊन झोपली. सकाळी मला मेसेज आला: "ताई, उगाच सगळ्यांना जागवलं का गं?" मी लिहिलं, "नाही. पुन्हा वाटलं तर पुन्हा जागव."